फोटोतल्या वहीतला ‘पंप’ आणि तसेच ठेवायचे शब्द

प्रश्न: आमच्या संस्थेत कृषीसखी वही लिहितात आणि तिचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवतात, मला त्याचं इंग्रजी करून द्यायचं असतं. अर्धे शब्द मराठी, अर्धे इंग्रजी, तेही मराठी अक्षरात. कुठले तसेच ठेवायचे आणि कुठले बदलायचे यात दर वेळी गोंधळ होतो. काही पद्धत आहे का?

पद्धत आहे, पण तुम्ही आत्ता करत असाल त्याच्या थोडी उलटी आहे. बहुतेक जण मराठी शब्दांपाशी अडतात आणि इंग्रजी शब्द आला की सुटकेचा श्वास टाकून तो तसाच पुढे ढकलतात, चला एक शब्द तरी आयता मिळाला म्हणून. मी पंधरा वर्षं अशाच वह्यांचं काम करतोय, जास्त करून यवतमाळ आणि वर्ध्याकडच्या, आणि माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या त्यातल्या बहुतेक त्या आयत्या शब्दांमुळे झाल्या. वहीतला इंग्रजी शब्द गावात येऊन वीस-तीस वर्षं राहिलेला असतो, त्याचा अर्थ इथे बदललेला असतो, आणि तो तुम्ही परत इंग्रजीत पाठवला की तिकडच्या माणसाला तो ओळखीचा वाटतो पण वेगळंच काही सांगतो. मराठी शब्द चुकला तर निदान वाचणारा अडतो, विचारतो. इंग्रजी शब्द चुकला तर तो न अडता पुढे जातो.

एक खरं पान घेऊन दाखवतो, म्हणजे सोपं जाईल. कपाशीची वही, एका कृषीसखी ताईंनी लिहिलेली, मुखपृष्ठावर २०२४. नाव-गाव काढून टाकलंय, बाकी जसं होतं तसं:

पोयाची कर झाली, दु. दिवशी फवारा
३ एकर, धुऱ्याकडचे ४ तास सोडून
औषध १ लि. बाटली १, प्रोफेनो
४० मिली / पंप, टोटल २४ पंप (चार्जिंग)
ट्रॅप पतंग ८, ९, ११. डोमकयी दिसते
१ बाई मयमय, डोये लाल, पीएचसी

पहिलं काम भाषांतर नाहीच. हे पान जसंच्या तसं टाईप करून घ्यायचं, ओळीला ओळ, शुद्धलेखन न सुधारता. मी एका शीटमध्ये तीन कॉलम करतो, पहिल्यात जसं दिसतं तसं, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात माझे प्रश्न. पहिल्या कॉलममध्ये ‘पोयाची’ला ‘पोळ्याची’ करायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याकडे ळ चा य होतो हे तुम्हाला माहीतच आहे, डोये म्हणजे डोळे, मयमय म्हणजे मळमळ, डोमकयी म्हणजे डोमकळी. पण कधी कधी ‘काया’ म्हणजे काळा की अंग, हे पुढच्या ओळीवरूनच कळतं, आणि तुम्ही आधीच सुधारून टाकलं असेल तर मग मागे जायला वाट राहत नाही. जे अक्षर लागतच नाही तिथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा, अंदाजाने भरू नका.

फोटोबद्दल एवढंच सांगतो की आकडे वाचताना दोन जागी फार सांभाळायचं. मराठी ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. आणि आपल्या ताया एकाच पानावर दोन्ही प्रकारचे आकडे लिहितात, त्या शाळेपासून दोन्ही शिकलेल्या असतात म्हणून. या पानावर वरून सावली पडलेली, आणि ४० मिली मला पहिल्यांदा सरळ ऐंशी दिसलं. ऐंशी म्हणजे दुप्पट औषध, आणि खालच्या ओळीत एका बाईला त्रास झालेला, म्हणजे ते ऐंशी तसंच गेलं असतं तर वाचणाऱ्याने लगेच निष्कर्ष काढला असता की डोस दुप्पट टाकला म्हणून बाधा झाली.

खात्री कशी केली सांगतो. पानातच हिशोब असतो, तो मांडून बघायचा. २४ पंप आणि एका पंपाला ४० मिली म्हणजे ९६० मिली, वर लिहिलंय एक लिटरची बाटली एक, म्हणजे बाटली जवळजवळ संपली, जमतं. ऐंशी धरलं तर १९२० मिली, दोन बाटल्या लागल्या असत्या. ‘१ बाई’चंही तसंच, नऊ असत्या तर ताईंनी ‘बाया’ लिहिलं असतं, ‘बाई’ लिहिलंय म्हणजे एकच. तरी मी फोन केला. आणि फोन करताना ‘ते ४० आहे ना’ असं विचारू नका, समोरचा माणूस हो म्हणून टाकतो, आपल्याकडे साहेबाला नाही म्हणायची सवय नाही. मी विचारलं, ताई, एका पंपाला किती टाकलं? त्या म्हणाल्या, भाऊ, झाकणावर वीसची रेघ होती, दोन झाकणं टाकली. झालं, चाळीस. (हा आकडा वहीतला आहे, फवारणीचा सल्ला नाही, डोस लेबलवर बघायचा.)

आता शब्द. ‘पंप’ घ्या, कारण याच शब्दाने मला सुरुवातीच्या काळात चांगलं तोंडघशी पाडलं होतं. गावात पंप म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप, आणि त्याहून पुढे जाऊन पंप म्हणजे त्या पंपाची एक टाकी भरून पाणी, साधारण पंधरा-सोळा लिटर. ‘२४ पंप झाले’ म्हणजे चोवीस टाक्या फवारून झाल्या. मी तेव्हा तसंच ‘पंप्स’ लिहून पाठवलं आणि ज्या ऑफिसात ते गेलं तिथून विचारणा आली की एका शेतकऱ्याकडे इतकी यंत्रं कुठून आली, खरेदीच्या पावत्या लावा. तो गोंधळ निस्तरायला दोन आठवडे गेले आणि तोवर त्या शेतकऱ्याचं काम अडून राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पंप माझ्या शीटमध्ये मराठी शब्द आहे. यंत्र असेल तर नॅपसॅक स्प्रेयर, माप असेल तर टँकफुल, ‘चार्जिंग पंप’ असेल तर बॅटरीवरचा स्प्रेयर. आणि लक्षात घ्या, इंग्रजीत ज्याला पंप म्हणतात, विहिरीवरचा, बोरवरचा, त्याला आपण ‘मोटर’ म्हणतो. म्हणजे दोन शब्द एकमेकांच्या जागेवर जाऊन बसलेत. याच वहीच्या पुढच्या एका पानावर ‘लाईट नाही, डीपी जळाली, मोटर बंद’ अशी ओळ होती. लाईट म्हणजे वीज, दिवा नव्हे, डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, मोटर म्हणजे पाण्याचा पंप. सहा शब्दांची ओळ, त्यात तीन इंग्रजी दिसणारे, आणि त्यातला एकही तसाच ठेवण्यासारखा नाही.

अशा शब्दांसाठी माझी एकच कसोटी आहे. फोटो बाजूला ठेवायचा, वही डोक्यातून काढायची, आणि फक्त इंग्रजी ओळ वाचायची, जणू आपण कधी शेतावर गेलोच नाही. त्या ओळीतून कुठलं चित्र उभं राहतं? ते चित्र ताईंच्या डोळ्यापुढच्या चित्राशी जुळत नसेल तर शब्द बदलायचा, तो कितीही इंग्रजी असला तरी. ‘बॅग’ खताची की बियाण्याची, ‘टॉनिक’ माणसाचं की कपाशीचं, ‘दुसरा डोस’ युरियाचा की लशीचा, हे सगळे या कसोटीवर लगेच पकडले जातात.

‘औषध’ मात्र वेगळं सांगायला हवं, हा शब्द मराठी आहे पण याच जातीचा धोका आहे. कपाशीच्या वहीत औषध म्हणजे कीटकनाशक, बस. त्याचं मेडिसिन केलं की चुकलं. पण ‘औषध घेतलं’ अशी ओळ आली तर थांबा. दुकानातून फवारणीचं आणलं, की आजारी पडून गोळी घेतली, की पोटात घेतलं, तिन्ही अर्थ आपल्या भागात होतात आणि तिसरा कसला आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, त्यानंतर अशा नोंदींकडे लोक बारकाईने बघतात. ही ओळ अंदाजाने इंग्रजीत घालायची नाही. फोन लागला नाही तर मूळ शब्द रोमन अक्षरात ठेवून शेजारी लिहायचं की अर्थ स्पष्ट नाही, विचारणं चालू आहे.

‘प्रोफेनो’ मी तसंच ठेवलं. हे अर्धं नाव आहे, प्रोफेनोफॉसचं, पण बाजारात नुसतं प्रोफेनोफॉसही मिळतं आणि सायपरमेथ्रिन मिसळलेलंही मिळतं, दुकानदार दोन्हीला तोंडाने प्रोफेनोच म्हणतो. मी पूर्ण नाव लिहिलं असतं तर ते माझं विधान झालं असतं, ताईंचं नाही. म्हणून कीटकनाशकाची नावं जशी लिहिली तशी, अवतरणात, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो मागवायचा. ‘मोनो’, ‘इमिडा’ यांचंही तेच. ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर त्यावरून आतलं रसायन कोणतं ते ओळखायच्या फंदात पडू नका.

आता मराठी शब्द. यातले बरेच सरळ भाषांतर करून टाकायचे, उगाच जपून ठेवायचे नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो कारण नवीन लोकांना गावातला प्रत्येक शब्द जपावासा वाटतो आणि मग इंग्रजी पानावर इतके तिरके शब्द होतात की वाचणारा कंटाळतो. डोमकळी बघा, किती गोड शब्द आहे, पण त्याला इंग्रजीत नेमका जोडीदार आहे, रोझेट फ्लॉवर. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या धाग्याने गुंडाळून टाकते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखं राहतं. दोन्ही शब्द अगदी त्याच गोष्टीला म्हणतात, तेव्हा ठेवायचं कारण नाही. ‘पतंग’चं मॉथ, काईट करू नका. ‘धुरा’ म्हणजे शेताची हद्द, बांध, तेही सरळ करा.

‘तास’ मध्ये मी एका शिकाऊ पोराला अडकलेलं बघितलं. ‘धुऱ्याकडचे ४ तास सोडून’, त्याने लिहिलं चार अवर्स सोडून, म्हणजे धुऱ्याकडे चार तास थांबून फवारलं असं काहीतरी. तो पुण्याकडचा, त्याचा दोष नाही. आपल्याकडे तास म्हणजे ओळ, सहा तास सोयाबीन आणि एक तास तूर असं आपण बोलतोच. इथे धुऱ्याला लागून शेजाऱ्याच्या बकऱ्या चरतात म्हणून चार ओळी फवारल्या नव्हत्या. अशा शब्दाची खूण अशी की शब्द ओळखीचा असतो पण वाक्य जरा वेडंवाकडं होतं. वाक्य वाकडं झालं की शब्दावर शंका घ्या, ताईंच्या लिहिण्यावर नाही.

तसाच ठेवायचा मराठी शब्द कधी, तर जेव्हा इंग्रजी शब्द टाकला की त्यातला काहीतरी खरा भाग गळून जातो आणि तो भाग वाचणाऱ्याच्या कामाचा असतो. दोन्ही गोष्टी हव्यात. ‘बटई’ आणि ‘मक्ता’ घ्या. दोन्हीला लोक भाड्याची जमीन लिहून मोकळे होतात. बटईत पीक गेलं तर दोघांचं गेलं, मक्त्यात पैसे आधीच ठरलेले, पीक येवो न येवो द्यायचेच. कर्जाची माहिती गोळा करणाऱ्याला हा फरक हवाच असतो. म्हणून मी दोन्ही शब्द रोमन अक्षरात ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगतो, नंतर नुसता शब्द. दर पानावर अर्थ सांगत बसायचं नाही.

‘पोयाची कर’ हा पण तसाच. कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस, टॅक्स नाही. मी पोळा हा शब्द ठेवला, कर चा अर्थ लावला, म्हणजे इंग्रजीत झालं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसानंतरचा दिवस, आणि मग चौकोनी कंसात माझी तारीख, ४ सप्टेंबर २०२४, कारण त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला होता. तारीख कंसात का, तर ती ताईंनी लिहिलेली नाही, मी काढलेली आहे. वही २०२३-२४ ला सुरू केलेली असली आणि पान आदल्या वर्षाचं निघालं तर २०२३ ला पोळा १४ सप्टेंबरला होता, अधिक महिन्यामुळे, म्हणजे दहा-बारा दिवसांचा फरक पडतो. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे की सण वहीतला आणि तारीख भाषांतर करणाऱ्याची.

शेवटी ‘ट्रॅप’, कारण मला वाटलं होतं की या पानावर हा एकच शब्द बिनधोक आहे. ट्रॅप म्हणजे कामगंध सापळा, फेरोमोन ट्रॅप, इंग्रजीत तेच, अर्थ बदललेला नाही, ठेवा. मी लिहिलं, ट्रॅपमध्ये पतंग आठ, नऊ, अकरा. आता जे लोक गुलाबी बोंडअळीचं काम करतात त्यांना हे तीन आकडे लगेच बोलतात, कारण फवारणीचा इशारा तसाच ठरलेला आहे: एका ट्रॅपमध्ये एका रात्रीत आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. आठ, नऊ, अकरा, म्हणजे तीन रात्री, प्रत्येक रात्री आठ किंवा जास्त, पातळी ओलांडली, फवारा बरोबर. किती छान जुळतं. मीही तसंच वाचलं आणि ‘तीन सलग रात्री’ टाईप करायला बोटं उचलली.

पण पानावर रात्र हा शब्दच नाही. मग तिसऱ्या कॉलममध्ये प्रश्न टाकला आणि ताईंना विचारलं की हे आकडे तुम्ही कसे घेतले. त्या म्हणाल्या, शेतात तीन ट्रॅप हायेत भाऊ, एकाच दिवशी तिन्ही पाहिले, एकात आठ, एकात नऊ, एकात अकरा, अन् पाहायला आठवड्यानं गेलो होतो. म्हणजे तीन रात्री नव्हत्याच, तीन ट्रॅप होते, आणि आकडेही एका रात्रीचे नव्हते, आठवडाभर साठलेले. पातळी गाठली होती की नाही हे या ओळीवरून सांगताच येत नाही. मराठीत ‘बाई’चं ‘बाया’ होतं पण ‘ट्रॅप’चं काही होत नाही, एक ट्रॅप, तीन ट्रॅप, लिहायला सारखंच. शब्द इंग्रजी राहिला होता, त्याचं व्याकरण मराठी झालं होतं, आणि इंग्रजीत जाताना मला एकवचन की अनेकवचन हे ठरवावंच लागणार होतं. म्हणून इंग्रजी शब्द तसा ठेवला तरी दोन गोष्टी बघायच्याच, किती आहेत आणि कुठल्या वेळचं आहे.

शेवटच्या ओळीत मी मळमळचं नॉशिया केलं, डोळे लाल सरळ केलं, पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तसंच ठेवून एकदा पूर्ण नाव दिलं. दुसऱ्या पानांवर ‘जीव घाबरा झाला’ येतं, त्याचं भीती वाटली असं करू नका, ती अंगातली अस्वस्थता आहे, आणि डॉक्टर वाचणार असेल तर मूळ शब्दही शेजारी द्या. ‘पीएचसी’च्या पुढे नेलं, गेली की पाठवलं हे काही लिहिलेलं नाही, मी पण क्रियापद घातलं नाही, नुसतं पीएचसी ठेवलं. ताईंना ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून पान पाठवलं तेव्हा तिसऱ्या कॉलममधला तो एक प्रश्न आणि लेबलच्या फोटोचा एक, असे दोन तसेच सोबत गेले.